‘निर्णय घेण्यात आला’ऐवजी ‘ठरवले’: कार्यालयीन मराठीतली नामे उलगडून क्रियापदे कशी लिहावीत

कार्यालयीन मराठी अवघड का वाटते, असे विचारले की बहुतेक जण संस्कृत शब्दांकडे बोट दाखवतात. ‘उपरोक्त’, ‘सदर’, ‘विषयांकित’, ‘सबब’ हे शब्द वाचकाला अडवतात हे खरे आहे. पण त्यांच्या जागी ‘वरील’, ‘हा’, ‘म्हणून’ असे शब्द घातले तरी पत्र फारसे सोपे होत नाही, कारण मूळ अडचण वाक्याच्या बांधणीत असते. ‘निर्णय घेण्यात आलेला आहे’, ‘तपासणी करण्यात येत आहे’, ‘वितरणाबाबत कार्यवाही सुरू आहे’ या वाक्यांतला एकही शब्द कुणाला अपरिचित नाही, आणि तरीही ती वाचून झाल्यावर कोणी काय केले, हे सांगता येत नाही. जी क्रिया क्रियापदाने सांगायची, ती नामात कोंडली आणि वाक्य चालवण्यासाठी ‘करणे’, ‘घेणे’, ‘येणे’ अशी अर्थाने हलकी क्रियापदे जोडली, की हे घडते. हा लेख ती नामे उलगडण्याच्या पद्धतीबद्दल आहे. तो प्रामुख्याने नागरिकांना जाणारी पत्रे, सूचना आणि परिपत्रके लिहिणाऱ्यांसाठी आहे. मग ते नगरपालिकेतले लिपिक असोत, शाळेचे मुख्याध्यापक असोत की गृहनिर्माण संस्थेचे सचिव.

थर कसे चढतात

‘तपासणे’ हे साधे क्रियापद घेऊन पाहू. ‘अभियंत्याने टाकी तपासली’ या वाक्यात करणारा, वस्तू आणि क्रिया असे तीनच शब्द आहेत आणि तिन्ही कामाचे आहेत. यावर पहिला थर चढतो तो क्रियेचे नाम केल्याने: ‘अभियंत्याने टाकीची तपासणी केली.’ इथे अजून काही हरवलेले नाही, फक्त क्रियापद ‘केली’ एवढेच उरले आहे आणि टाकीला ‘-ची’ लागून ती तपासणीच्या मागे गेली आहे. दुसरा थर ‘-ण्यात येणे’ या रचनेचा: ‘टाकीची तपासणी करण्यात आली.’ आता अभियंता वाक्यातून गेला. तिसरा थर ‘बाबत’, ‘संदर्भात’, ‘अनुषंगाने’ यांपैकी एखाद्या शब्दाने चढतो आणि सोबत ‘कार्यवाही’ हे दुसरे नाम आणतो: ‘टाकीच्या तपासणीबाबत कार्यवाही करण्यात आली.’ या वाक्यावरून टाकी तपासली की नाही, हेच कळत नाही. कदाचित तपासणीसाठी एखादे पत्र फक्त दुसऱ्या विभागाकडे गेले असेल, आणि तरीही हे वाक्य खोटे ठरणार नाही. चौथ्या थरानंतर उरते ते असे: ‘टाकीच्या तपासणीबाबत कार्यवाही करण्याचे नियोजन करण्यात येत आहे.’ म्हणजे अद्याप काहीच झालेले नाही, पण वाक्याला तीन नामे आणि दोन ‘करणे’ मिळाले आहेत.

थर या क्रमाने चढतात हे लक्षात ठेवले, तर ते उतरवण्याचा क्रमही आपोआप हाती येतो: सर्वांत वरचा आधी काढायचा. नवखे लेखक बहुधा उलटे करतात. ते ‘तपासणी करणे’ खोडून ‘तपासणे’ लिहितात, पण ‘बाबत’ आणि ‘-ण्यात’ तसेच ठेवतात, आणि मग ‘टाकी तपासण्याबाबत कार्यवाही करण्यात येत आहे’ असे वाक्य तयार होते. क्रियापदाचे मूळ आले, पण ते पुन्हा ‘-ण्याबाबत’मध्ये अडकले आणि वाचकाचा काहीच फायदा झाला नाही.

ही लिखाणाची सवय आली कुठून, याचे एक कारण इतिहासात आहे. 1960 साली राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि 1964 चा राजभाषा अधिनियम आला, तेव्हा इंग्रजीत चालणारा प्रचंड कारभार मराठीत आणायचा होता. परिभाषा घडवताना मुख्यतः नामे लागली, कारण पदे, खाती, प्रक्रिया आणि दस्तऐवज यांना नावे द्यायची होती. वाक्ये मात्र पुष्कळदा इंग्रजी मसुद्यांतल्या कर्मणी वाक्यांच्या साच्यावर उतरली. परिभाषेचे ते काम मोठे होते आणि त्यातले कितीतरी शब्द आज सहज रुळले आहेत. पण मराठी माणूस बोलताना ज्या क्रियापदांनी सगळा व्यवहार करतो, ती क्रियापदे कार्यालयाच्या दाराबाहेर राहिली.

पहिली पायरी: खुणा करणे

मसुदा कागदावर काढून घ्यावा आणि प्रत्येक वाक्य शेवटाकडून वाचावे, कारण मराठीत क्रियापद शेवटी येते. शेवटी ‘करणे’, ‘घेणे’, ‘देणे’, ‘येणे’, ‘होणे’ यांचे एखादे रूप असेल, तर त्याच्या लगेच आधी कोणते नाम आहे ते पाहून त्याखाली रेघ ओढावी. ही नामे ओळखणे कठीण नाही. ‘तपासणी’, ‘आकारणी’, ‘नेमणूक’, ‘वसुली’, ‘वितरण’, ‘निराकरण’, ‘पूर्तता’, ‘अंमलबजावणी’ या सगळ्यांच्या पोटात एक क्रिया आहे. ‘-ण्यात’, ‘-ण्याबाबत’, ‘-च्या अनुषंगाने’, ‘-च्या संदर्भात’ यांना वेगळ्या रंगाची खूण करावी, कारण ते वरचे थर आहेत.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केली पाहिजे. नाम आणि ‘करणे’ यांची जोडी ही मराठीची स्वतःची रचना आहे, आणि ती दिसली की खोडायची, असा नियम केला तर भाषा मोडेल. ‘विचार करणे’, ‘मदत करणे’, ‘स्वयंपाक करणे’, ‘चौकशी करणे’, ‘चर्चा करणे’ असे आपण घरीदारी बोलतो. ‘चौकशणे’ असे क्रियापद नाही आणि ते बनवण्याची गरजही नाही. खूण केलेल्या प्रत्येक नामाला म्हणून एकच प्रश्न विचारावा: ही क्रिया मी शेजाऱ्याला सांगताना कोणत्या क्रियापदाने सांगेन? उत्तर ‘चौकशी केली’ असेच आले, तर ती जोडी जशीच्या तशी ठेवावी. उत्तर ‘विकले’, ‘नेमले’, ‘वाटले’, ‘कळवले’ असे आले, तर ‘विक्री केली’, ‘नेमणूक केली’, ‘वितरण केले’, ‘अवगत केले’ यांची गरज उरत नाही.

दुसरी पायरी: करणाऱ्याला वाक्यात परत आणणे

‘-ण्यात येणे’ काढले की वाक्याला कर्ता लागतो, आणि इथे लिहिणारे बिचकतात. त्यांची भीती अगदी निराधार नसते. ‘निर्णय घेण्यात आला’ असे लिहिताना लिपिकाला सांगायचे असते की हा निर्णय माझा एकट्याचा नाही, कार्यालयाचा आहे. मात्र त्यासाठी कर्ता पुसण्याची आवश्यकता नाही. कार्यालयालाच कर्ता करता येते. ‘नगरपालिकेने ठरवले’, ‘या विभागाने अर्ज नामंजूर केला’, ‘व्यवस्थापक समितीने शुल्क वाढवले’ ही वाक्ये कुणा व्यक्तीला पुढे करत नाहीत, आणि तरीही जबाबदारी कुणाची हे सांगतात.

कर्ता खरोखरच अज्ञात असेल किंवा बिनमहत्त्वाचा असेल, तर कर्त्याशिवायची रचना योग्यच असते. ‘कार्यालयाचे कुलूप तोडलेले आढळले’ हे वाक्य तसेच राहू द्यावे. पण आपल्याच कार्यालयाने केलेल्या कामाला कर्ता नसावा, असे मला कधीच वाटत नाही.

‘-ण्यात येणे’ या रचनेमुळे होणारी एक व्याकरणाची चूक तर सर्वत्र दिसते: ‘नागरिकांनी सहकार्य करण्यात यावे’, ‘अर्जदारांनी अर्ज सादर करण्यात यावेत’. या रचनेला ‘-ने’ किंवा ‘-नी’ प्रत्ययाचा कर्ता चालत नाही. ‘नागरिकांनी’ म्हटले की पुढे ‘करावे’ यायला हवे. ‘करण्यात यावे’ म्हटले तर ‘नागरिकांकडून’ लागेल, आणि तेही कृत्रिमच वाटेल. लिहिताना दोन साचे एकमेकांत अडकतात आणि नजरेतून सुटतात. ‘नागरिकांनी सहकार्य करावे’, ‘अर्जदारांनी अर्ज द्यावेत’ एवढे पुरेसे आहे. यात आदरही कमी होत नाही, कारण ‘-वे’ हे रूप स्वतःच विनंतीचे आहे.

तिसरी पायरी: नेमके क्रियापद निवडणे

ही पायरी सर्वांत जास्त वेळ घेते, आणि इथेच अर्थ बदलण्याचा धोकाही सर्वाधिक असतो. नामासोबत आलेले छोटे क्रियापद दिसायला हलके असले, तरी कधीकधी अर्थ त्याच्यावरच फिरतो. ‘सूचना करणे’ म्हणजे सुचवणे, पण ‘सूचना देणे’ म्हणजे काय करायचे ते बजावून सांगणे. दोन्हींच्या जागी ‘सुचवले’ लिहिले, तर वरिष्ठांचा आदेश केवळ सल्ला होऊन बसतो. ‘नोंद करणे’ म्हणजे नोंदवणे; ‘कृपया नोंद घ्यावी’ यातले ‘नोंद घेणे’ मात्र लक्षात ठेवण्याबद्दल आहे, म्हणून तिथे ‘लक्षात घ्यावे’ असे लिहावे. ‘भेट घेतली’चे ‘भेटले’ होते, पण ‘शाळेला भेट दिली’चे ‘शाळेला भेटले’ होत नाही. तिथे ‘शाळेत जाऊन पाहिले’ म्हणता येते, किंवा मूळचेच शब्द ठेवावेत.

‘निर्णय घेणे’ यावर थोडे थांबले पाहिजे, कारण कार्यालयीन लिखाणात हेच सर्वांत जास्त येते. त्याचे सरळ क्रियापद ‘ठरवणे’. ‘पूल पाडण्याचा निर्णय घेण्यात आला’ याचे ‘नगरपालिकेने पूल पाडायचे ठरवले’ असे होते. उत्साहाच्या भरात ‘नगरपालिकेने पूल पाडला’ असे लिहू नये, कारण पूल अजून उभा आहे. दुसरीकडे ‘आपला अर्ज नामंजूर करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे’ या वाक्यात ठरवणे आणि करणे वेगळे नाही. नामंजुरीचा आदेश निघाला की अर्ज नामंजूर झाला. म्हणून तिथे ‘या कार्यालयाने आपला अर्ज नामंजूर केला आहे’ हेच बरोबर. कसोटी अशी: ठरल्यानंतर आणखी काही प्रत्यक्ष काम उरते का? उरत असेल तर ‘ठरवले’ लिहावे, उरत नसेल तर थेट त्या कृतीचे क्रियापद लिहावे. न्यायालयाच्या बाबतीत ‘निर्णय दिला’ असते आणि तिथे ‘ठरवले’ पोकळ वाटते. ‘निकाल दिला’ किंवा ‘अपील फेटाळले’ असे नेमके लिहावे.

काही क्रियांना एका शब्दाचे क्रियापद नसते, पण त्यांचे नाम सोडून विशेषण वापरता येते आणि तेवढ्याने वाक्य मोकळे होते. ‘दुरुस्ती करणे’चे ‘दुरुस्त करणे’, ‘मंजुरी देणे’चे ‘मंजूर करणे’, ‘वसुली करणे’चे ‘वसूल करणे’. इथे ‘करणे’ राहिले म्हणून बिघडत नाही. ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामाची सुरुवात’ यासारखी षष्ठीची साखळी तुटून ‘जलवाहिनी दुरुस्त करायला सुरुवात’ असे लिहिता येते, हा खरा लाभ आहे.

आणि कधी कधी नाम एवढे मोघम असते की त्याच्या आत नेमकी क्रियाच सापडत नाही. ‘कार्यवाही’ हे त्यांतले पहिले. ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल’ याला पर्यायी क्रियापद शब्दकोशात मिळणार नाही. ते संबंधित अधिकाऱ्यालाच विचारावे लागते. ‘नियोजन’, ‘पाठपुरावा’, ‘उपाययोजना’ ही नामे त्याच जातीची आहेत.

चौथी पायरी: बाकीचे वाक्य जुळवून घेणे

क्रियापद बदलले की आजूबाजूचे शब्दही हलतात. नामासोबत असलेली वस्तू ‘-चा, -ची, -चे’ सोडून थेट कर्म होते: ‘तीन सदस्यांची नेमणूक केली’चे ‘तीन सदस्य नेमले’. विशिष्ट व्यक्तीचा उल्लेख असेल तर ‘-ला’ लागतो आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात जाते: ‘या उमेदवाराची निवड केली’चे ‘या उमेदवाराला निवडले’. पूर्वी क्रियापद ‘निवड’ किंवा ‘नेमणूक’ या स्त्रीलिंगी नामाप्रमाणे चालत होते, म्हणून घाईत ‘सदस्य नेमली’ असे काहीतरी उरते. दुरुस्त केलेले प्रत्येक वाक्य एकदा लिंगवचनासाठी वेगळे वाचावे.

नामाला लागलेल्या विशेषणाचेही क्रियाविशेषण करावे लागते. ‘कडक तपासणी केली’चे ‘कडक तपासले’ होत नाही, ‘कसून तपासले’ होते. ‘तातडीची नेमणूक केली’चे ‘तातडीने नेमले’. ‘स्थळ पाहणी केली’ याचे नुसते ‘पाहिले’ केले तर जाता-जाता नजर टाकल्यासारखे वाटते. ‘जागेवर जाऊन पाहिले’ असे लिहिले की पाहणीचे वजन टिकते. क्रियापदाला अशी जोड दिल्यावर वाक्य एखाद्या शब्दाने वाढले तरी चालेल. शब्दांची काटकसर हा इथला उद्देश नाही.

एक पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत

नमुन्यासाठी पुढचे पत्र मी रचले आहे. एका गल्लीत पाणी कमी दाबाने येते, अशी तक्रार एका रहिवाशाने नगरपालिकेकडे केली, आणि त्याला मिळालेले हे उत्तर आहे.

‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपल्या तक्रार अर्जाच्या अनुषंगाने या विभागामार्फत स्थळ पाहणी करण्यात आलेली असून, सदर ठिकाणी जलवाहिनीमध्ये गळती असल्याचे निदर्शनास आलेले आहे. सबब जलवाहिनीच्या दुरुस्तीच्या कामाबाबत निर्णय घेण्यात आलेला असून, त्या अनुषंगाने आवश्यक ती कार्यवाही करण्याचे नियोजन करण्यात येत आहे. दुरुस्ती कामाची पूर्तता होईपर्यंत टँकरद्वारे पाणीपुरवठा उपलब्ध करून देण्यात येईल. तरी नागरिकांनी सहकार्य करण्यात यावे, ही विनंती.’

पहिल्या वाक्यातले ‘कळविण्यात येते की’ बदलण्याचीही गरज नाही, ते सरळ काढावे. पत्र हातात आले म्हणजे कळवले जातच आहे. ‘असून’ जिथे येते तिथे वाक्य तोडावे, कारण तिथे दोन स्वतंत्र गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. ‘स्थळ पाहणी करण्यात आली’ यात करणारा कनिष्ठ अभियंता आहे, आणि तो कधी गेला हे त्याच्या अहवालावर लिहिलेले असते. ‘गळती असल्याचे निदर्शनास आले’ याचे ‘जलवाहिनी गळते आहे’ एवढेच. तक्रार मात्र गळतीबद्दल नव्हती, कमी दाबाबद्दल होती, आणि दोन्हींचा संबंध मूळ पत्राने सांगितलेलाच नाही. तो सांगायला हवा.

दुसरे वाक्य खरी परीक्षा घेते. ‘दुरुस्तीच्या कामाबाबत निर्णय घेण्यात आला’ म्हणजे काय ठरले? दुरुस्त करायचे ठरले की तूर्त न करायचे? वाक्य दोन्ही अर्थांना मोकळे आहे. मसुदा लिहिणाऱ्याने इथे लेखणी खाली ठेवून अभियंत्याला विचारायला हवे, आणि मिळणारे उत्तर साधारण तीन प्रकारचे असेल. तारीख ठरलेली असेल, तर ‘नगरपालिकेने हा जोड बदलायचे ठरवले आहे; काम 20 जूनला सुरू होईल’ असे लिहावे. पैशांची मंजुरी अडली असेल, तर ‘दुरुस्तीचे अंदाजपत्रक आम्ही मुख्याधिकाऱ्यांकडे पाठवले आहे, ते मंजूर झाल्यावर कामाची तारीख आपल्याला कळवू’ हे खरे वाक्य. आणि काहीच ठरले नसेल, तर ‘दुरुस्ती कधी करायची हे अजून ठरलेले नाही’ असेच लिहावे लागेल. हे तिसरे वाक्य कोणत्याही अधिकाऱ्याला सहीसाठी पुढे करणे अवघड जाते. पण ते लिहिण्याची वेळ आली की पत्र पाठवण्याआधी काहीतरी ठरवले जाण्याची शक्यता वाढते. नामांच्या आड हीच गोष्ट झाकली जाते.

तारीख ठरली आहे असे धरले, तर पत्र असे होईल:

‘आपल्या तक्रारीवरून आमच्या कनिष्ठ अभियंत्यांनी 12 जून रोजी जागेवर येऊन पाहिले. आपल्या गल्लीच्या तोंडाशी असलेली जलवाहिनी जोडावर गळते आहे आणि त्यामुळे पुढच्या घरांना पाणी कमी दाबाने मिळते. नगरपालिकेने हा जोड बदलायचे ठरवले आहे. काम 20 जूनला सुरू होईल आणि दोन दिवस चालेल. तोपर्यंत रोज सकाळी 7 वाजता गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर येईल. टँकर न आल्यास या विभागाला कळवावे.’

मूळ पत्रातले ‘सहकार्य करण्यात यावे’ यातून गेले आहे, कारण कोणते सहकार्य हवे हे तिथे कुणीच ठरवलेले नव्हते. काम चालू असताना गल्लीत वाहने लावू नयेत, असे म्हणायचे असेल तर तेच लिहावे. नव्या पत्रात ‘तक्रार’ आणि ‘काम’ ही नामे आहेत आणि ती खुपत नाहीत, कारण ती वस्तूंची नावे म्हणून आली आहेत. क्रिया सांगण्याचे ओझे त्यांच्यावर नाही.

जिथे नाम ठेवावे

काही नामे ही कायद्याने किंवा प्रथेने ठरलेल्या गोष्टींची नावे आहेत. ‘शासन निर्णय’ हा दस्तऐवजाचा प्रकार आहे. त्याला क्रमांक आणि दिनांक असतो, आणि त्याचे ‘शासनाने ठरवले’ असे करून उपयोग नाही. ‘प्रशासकीय मान्यता’ आणि ‘तांत्रिक मान्यता’ हे सार्वजनिक कामांतले दोन वेगळे टप्पे आहेत. दोन्हींच्या जागी ‘मान्य केले’ लिहिले तर कोणता टप्पा झाला हे कळणार नाही. ‘पंचनामा’, ‘सुनावणी’, जमिनीची ‘मोजणी’ हे शब्दही असेच. त्यांच्याभोवतीचे ‘करण्यात आला’ मात्र काढता येते: ‘तलाठ्यांनी पंचनामा केला’, ‘भूमापकाने मोजणी केली’.

आधी सांगितलेल्या क्रियेकडे पुन्हा बोट दाखवायचे असेल, तेव्हाही नाम लागते. माहिती अधिकाराच्या अर्जावर ‘या कार्यालयाने आपल्याला माहिती नाकारली आहे’ असे कारणासह लिहून झाल्यावर पुढे ‘या निर्णयाविरुद्ध आपल्याला 30 दिवसांत प्रथम अपील करता येईल’ असे येते. इथे ‘निर्णय’ हा मागच्या संपूर्ण वाक्याचा उल्लेख आहे आणि त्याला सोपा पर्याय नाही. क्रिया आधी क्रियापदाने सांगावी, नंतर हवे तर तिला नाम द्यावे. हा क्रम पाळला की नाम वाचकाला जड जात नाही.

कार्यालयाच्या आतल्या टिपणीत ‘मान्यतेस्तव सादर’, ‘निर्णयार्थ सादर’ अशी ठरीव वाक्ये असतात. ती वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला सारखीच ठाऊक असतात, एका ओळीत काम भागवतात, आणि ती बदलण्यात मी वेळ घालवणार नाही. मात्र टिपणीतलेच परिच्छेद उचलून नागरिकाच्या पत्रात चिकटवण्याची पद्धत आहे, तिथे ही वाक्ये आत शिरतात. पत्र लिहिताना टिपणी समोर ठेवावी, पण त्यातली वाक्ये उचलू नयेत.

पाठवण्यापूर्वीची शेवटची नजर

मसुदा संगणकावर असेल तर Ctrl+F दाबून ‘ण्यात’ शोधावे. युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर असेल, तर ‘करण्यात’, ‘घेण्यात’, ‘देण्यात’, ‘कळविण्यात’ हे सगळे एकाच शोधात सापडतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या मजकुरात हा शोध चालत नाही. पाणीपुरवठा विभागाच्या पत्रात ‘पाण्यात’ हा शब्दही याच शोधात येईल, तो अर्थातच सोडून द्यावा. सापडलेल्या प्रत्येक ठिकाणी करणारा ठाऊक आहे का हे पाहावे आणि ठाऊक असेल तर वाक्य फिरवावे. त्यानंतर ‘बाबत’, ‘अनुषंगाने’ आणि ‘कार्यवाही’ हे तीन शब्द एकेक करून शोधावेत. ‘बाबत’ विषयाच्या ओळीत चालते, मजकुरात ते बहुधा एखाद्या क्रियेला झाकून बसलेले असते.

शोधात काहीच उरले नाही म्हणजे पत्र तयार झाले, असेही नाही. ‘आम्ही लवकरच योग्य ते पाऊल उचलू’ या वाक्यात एकही ‘ण्यात’ नाही, कर्ता आहे, क्रियापदही जिवंत आहे, आणि तरीही ते काहीच सांगत नाही. म्हणून त्या विषयाची फाइल न पाहिलेल्या एखाद्या सहकाऱ्याला पत्र एकदा वाचायला द्यावे आणि विचारावे: कोणी काय केले, आता कोण काय करणार, आणि पत्र मिळालेल्या माणसाने काय करायचे? या तिन्हींची उत्तरे त्याने पत्रात न बघता दिली, तर जावक क्रमांक टाकायला हरकत नाही. एखाद्या उत्तरापाशी तो अडखळला, तर ज्या वाक्याकडे तो पुन्हा वळून पाहील, तिथे अजून एक नाम उलगडायचे राहिले आहे किंवा एखादी माहिती मिळवायची राहिली आहे.